बाळाला तापासह लघवीचं इन्फेक्शन झालं: पुढे एमसीयू, डीएमएसए की नुसती सोनोग्राफी?

आई-बाबा समोर बसतात तेव्हा हातात बहुधा डिस्चार्जचा कागद असतो. बाळ सात-आठ महिन्यांचं, आता खेळतंय, ताप उतरून आठवडा झालाय. कागदाच्या तळाशी दोन आद्याक्षरी नावं लिहिलेली असतात, एमसीयू आणि डीएमएसए. पहिली म्हणजे नळीने मूत्राशय भरून क्ष-किरणांवर पाहण्याची तपासणी, दुसरी म्हणजे इंजेक्शन देऊन केलेला किडनीचा स्कॅन. एका डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की एमसीयू करूनच टाका, रिफ्लक्स आहे का, म्हणजे लघवी उलटी वर चढते का ते कळेल. दुसऱ्यांनी सांगितलेलं असतं की एवढ्याशा बाळाला नळी कशाला घालायची, डीएमएसए करा, किडनीला धक्का लागलाय का ते बघू. तिसरे म्हणालेले असतात, सोनोग्राफी नॉर्मल आहे ना, मग थांबा. तिघांनाही जगातल्या कुठल्या ना कुठल्या मार्गदर्शक नियमावलीचा आधार आहे, आणि पालकांची पंचाईत नेमकी तिथेच होते.

हा आढावा त्या कागदासाठी आहे. बाळ साधारण दोन महिने ते दोन वर्षांचं, तापासह आलेलं पहिलंच इन्फेक्शन, औषधाला चांगली दाद दिलेली, आता घरी. वाटा तीन आहेत. त्यांत निवड करायची तर प्रत्येक तपासणी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते ते आधी सुटं करून घ्यावं लागतं.

रिफ्लक्स हा रस्ता, वण ही इजा

किडनीतून आलेली मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत सरळ भोक पाडून शिरत नाही. ती भिंतीतून थोडा वेळ तिरकी जाते आणि मग आत उघडते. मूत्राशय भरला की आतल्या दाबाने हा तिरका बोगदा चपटा होऊन मिटतो आणि लघवी उलटी वर जात नाही. झडप म्हणावी अशी वेगळी वस्तू तिथे नसते, बोगद्याची लांबीच झडपेचं काम करते. ही लांबी नळीच्या रुंदीच्या साधारण पाचपट असावी लागते. काही बाळांत तो बोगदा जन्मतः आखूड असतो, म्हणून मूत्राशय भरताना किंवा लघवी होताना थोडी लघवी परत वर चढते. हाच रिफ्लक्स. बाळ वाढतं तसा बोगदाही लांबतो, म्हणून सौम्य रिफ्लक्स बहुतेक मुलांत काही वर्षांत आपोआप जातो.

रिफ्लक्सच्या पाच पायऱ्या मानतात. पहिलीत लघवी मूत्रवाहिनीतच थोडी चढते. दुसरीत किडनीपर्यंत पोहोचते, पण काही फुगत नाही. तिसरीपासून नळी आणि किडनीतला लघवी साठण्याचा भाग फुगू लागतो, आणि पाचवीत नळी सापासारखी वळणं घेते व किडनीच्या आतल्या कपांचा आकारच पुसला जातो.

लघवी उलटी गेली म्हणून किडनीवर वण पडतो, असं अनेकांना वाटतं. तसं साधारणपणे होत नाही. जंतू नसलेली, कमी दाबाची लघवी वर गेली तरी किडनी सहसा ती सोसते. वण पडायला जंतू लागतात. 1970 च्या दशकात रॅन्सली आणि रिस्डन यांनी डुकरांच्या पिलांवर केलेल्या कामातून यामागची रचना पुढे आली. किडनीच्या आत लघवी गाळून सोडणारी जी टोकं असतात, त्यांतली बहुतेक निमुळती असतात आणि त्यांची छिद्रं फटीसारखी असल्यामुळे उलट दाब आला की मिटतात. किडनीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला मात्र दोन-तीन टोकं एकत्र जुळून सपाट झालेली असतात. त्यांची तोंडं उघडी राहतात आणि जंतुयुक्त लघवी थेट किडनीच्या मांसात शिरते. म्हणून वण मधल्या भागापेक्षा टोकांना जास्त दिसतात. आणि अशा उघड्या जागी बहुतेक नुकसान पहिल्याच इन्फेक्शनमध्ये होऊन जातं, असा त्यांचा ‘बिग बँग’ सिद्धांत होता.

थोडक्यात, रिफ्लक्स हा रस्ता आहे आणि वण ही इजा. रस्ता असून इजा नसलेली मुलं भरपूर आहेत. रस्ता दिसत नसताना वण पडलेलीही आहेत, कारण काही जंतू स्वतःच्या जोरावर वर चढतात. तापासह इन्फेक्शन झालेल्या दर तीन बाळांत साधारण एकाला रिफ्लक्स सापडतो. पहिल्या इन्फेक्शननंतर काही महिन्यांनी केलेल्या स्कॅनमध्ये वण दिसण्याचं प्रमाण मात्र एकत्रित अभ्यासांत 15 टक्क्यांच्या आसपास आहे. एमसीयू रस्त्याबद्दल विचारते, डीएमएसए इजेबद्दल. कुठली तपासणी ‘चांगली’ हा वाद मला यामुळेच थोडा निरर्थक वाटतो.

त्याही आधी: ते इन्फेक्शन खरंच होतं का?

इथे दोन मिनिटं थांबायलाच हवं. चिकटपट्टीच्या पिशवीत गोळा केलेल्या लघवीत त्वचेवरचे आणि शौचातले जंतू सहज येतात. ताप सर्दीचा असतो, पिशवीतल्या कल्चरमध्ये दोन-तीन प्रकारचे जंतू उगवतात, आणि बाळाच्या नावावर ‘लघवीचं इन्फेक्शन’ कायमचं चिकटतं. पुढच्या सगळ्या तपासण्या मग त्या चुकीच्या शिक्क्यावर उभ्या राहतात. रिपोर्ट काढून बघा. नमुना नळीने, सुईने किंवा धारेतून स्वच्छ घेतलेला होता का? एकच जंतू भरपूर संख्येने होता का? सोबत लघवीत पांढऱ्या पेशी होत्या का? या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर एमसीयूबद्दल बोलण्याआधी मूळ निदानाबद्दल बोला. पिशवीच्या नमुन्याचा उपयोग एवढाच, की तो पूर्ण स्वच्छ निघाला तर इन्फेक्शन नाही असं म्हणता येतं.

सोनोग्राफी: तिन्ही वाटांना समान पायरी

सोनोग्राफी करायची, याबद्दल बहुतेक नियमावल्यांत वाद नाही. किरणोत्सर्ग नाही, नळी नाही, इंजेक्शन नाही. तिच्यात किडनीची लांबी (या वयात सुमारे सहा सेंटीमीटर), दोन्ही बाजूंतला फरक, आतला भाग फुगलाय का, मूत्राशयामागे मूत्रवाहिनी दिसते आहे का आणि मूत्राशयाची भिंत जाड आहे का, हे पाहतात. निरोगी बाळाची मूत्रवाहिनी मूत्राशयामागे सहसा दिसतच नाही. ती दिसली म्हणजे ती फुगलेली आहे, ही एक ओळ पुढचा सगळा बेत बदलू शकते.

ही तपासणी फसते कुठे? एकतर ती रिफ्लक्स नाकारू शकत नाही. सौम्य रिफ्लक्स तिला दिसत नाहीच, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीचा रिफ्लक्स असूनही तपासणीच्या घटकेला सगळं नॉर्मल दिसू शकतं, कारण उलटी लघवी येते आणि जाते. दुसरं म्हणजे ताप चढलेला असताना केलेली सोनोग्राफी थोडी दिशाभूल करते. काही जंतूंच्या विषामुळे मूत्रवाहिनी तात्पुरती सैल पडून फुगलेली दिसते, तर पाणी कमी पडलेल्या बाळात खरी फुगही झाकली जाते. म्हणून बाळ ऐन तापात खूप आजारी असेल, औषधाला दाद देत नसेल, तर गळू किंवा अडथळा शोधायला लगेच करायची, आणि बाळ लवकर सुधारलं असेल तर काही आठवड्यांनी, शांतपणे. लहान, पसरट वण तिला बऱ्याचदा दिसत नाहीत.

तरीही मोठा गाळ गाळण्याचं काम ती चोख करते. दोन्ही किडन्या समान, काही फुगलेलं नाही आणि भिंत पातळ असेल, तर ज्याने तातडीने काही करावं लागेल असं मोठं बिघाडाचं चित्र फारसं उरत नाही.

वाट पहिली: आधी एमसीयू

एमसीयूमध्ये पातळ नळी मूत्रमार्गातून मूत्राशयात घालतात, कोमट केलेलं पातळ औषध उंचीवरून हळूहळू सोडतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहतात. वर्षाच्या आतल्या बाळात मूत्राशय किती भरायचा याचा एक सोपा ठोकताळा आहे: वजन किलोत, गुणिले सात, इतके मिलिलीटर. आठ किलोच्या बाळात सुमारे 56 मिलिलीटर. भरताना सुरुवातीलाच एक चित्र, मग दोन्ही बाजूंच्या तिरक्या कोनांतून, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाळ लघवी करतानाचं. बाळाला ‘कर’ म्हणून सांगता येत नाही, त्यामुळे नळीच्या कडेने लघवी सुटेपर्यंत वाट पाहावी लागते. कसलेले रेडिओलॉजिस्ट लहान बाळांत एकाच बैठकीत मूत्राशय दोन-तीनदा भरतात, कारण पहिल्या वेळी न दिसलेला रिफ्लक्स दुसऱ्या वेळी दिसू शकतो.

या तपासणीचं बलस्थान निर्विवाद आहे: रिफ्लक्सची पायरी आणि बाजू ती दाखवते, आणि मुलाच्या मूत्रमार्गाचं चित्र देते. मुलग्यांत मूत्रमार्गाच्या मागच्या भागात जन्मतः पडद्यासारखा अडथळा असू शकतो. तो निसटला तर दोन्ही किडन्या जाऊ शकतात, आणि तो पक्का दाखवायला लघवी करतानाचं चित्र लागतं.

तिच्या मर्यादा मात्र पालकांना सहसा कोणी सांगत नाही. रस्ता दिसला म्हणून त्यावरून कोणी गेलं होतं हे सिद्ध होत नाही. पहिल्या इन्फेक्शननंतर सगळ्यांची एमसीयू केली तर सापडणारा रिफ्लक्स बहुतेक पहिल्या ते तिसऱ्या पायरीचा असतो, आणि त्यातला बराचसा काही न करता जातो. म्हणजे अनेक बाळांना नळी आणि रडारड सोसून मिळतं ते असं नाव, जे आई-वडिलांना घाबरवतं पण उपचार बदलत नाही. नळी घातल्याने नवं इन्फेक्शन होण्याचा थोडा धोका असतो. त्यासाठी ब्रिटनच्या नाइस संस्थेची नियमावली तीन दिवस तोंडाने अँटिबायोटिक द्यायला सांगते, आणि तपासणी त्यातल्या दुसऱ्या दिवशी. ही गोष्ट विसरली जाते, तेव्हा तुम्हीच विचारा.

किरणोत्सर्ग आधुनिक, थांबून-थांबून किरण सोडणाऱ्या मशीनवर अगदी थोडा असतो. जुन्या मशीनवर तो कितीतरी पटींनी वाढतो. काही ठिकाणी हीच तपासणी बुडबुड्यांचं औषध वापरून सोनोग्राफीवर करतात. तिथे किरणोत्सर्ग नसतोच, पण नळी सुटत नाही.

वाट दुसरी: आधी डीएमएसए

इथे नळी नाही, शिरेत एक इंजेक्शन. टेक्नेशियम लावलेलं डीएमएसए हे द्रव्य किडनीच्या कार्यरत पेशींत जाऊन बसतं. दोन ते चार तासांनी बाळाला गॅमा कॅमेऱ्याखाली निजवतात. पाजून, गुंडाळून झोपवलं तर बऱ्याच बाळांना गुंगीचं औषध लागत नाही. जिथे पेशी काम करतात तिथे किडनी उजळते, जिथे नाही तिथे खाच दिसते. शिवाय एकूण कामातला वाटा टक्केवारीत कळतो. साधारण 45 ते 55 या पट्ट्यात दोन्ही बाजू असल्या तर समान समजतात. किरणोत्सर्ग एक मिलिसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे आपल्याला निसर्गातून वर्षभरात मिळतो त्याच्या निम्म्याहून कमी.

या वाटेचा विचार असा: इजा नसेल तर रस्ता शोधण्याची घाई कशाला? खाच दिसली तरच एमसीयू. त्यामुळे पुष्कळ बाळांची नळी वाचते.

पण वेळ चुकली तर हा स्कॅन खोटं बोलतो. ताप येऊन आठवडा व्हायच्या आत केला तर दिसणारी खाच म्हणजे सूज असू शकते, आणि अशा खाचांपैकी बऱ्याच पुढे भरून निघतात. कायमचा वण पाहायचा तर इन्फेक्शननंतर चार ते सहा महिने थांबावं लागतं. मधल्या काळात पुन्हा इन्फेक्शन झालं तर मोजणी परत पहिल्यापासून. माझ्याकडे असा एक स्कॅन आला होता, इन्फेक्शननंतर सहाव्या आठवड्यात केलेला. त्यातली खाच वण आहे की उतरती सूज, हे ना मला सांगता आलं ना स्कॅन वाचणाऱ्याला. पाच महिन्यांनी तोच परत करावा लागला. एक इंजेक्शन आणि एक मिलिसिव्हर्ट फुकट गेले.

वाचनातही सापळे आहेत. डाव्या किडनीचा वरचा भाग प्लीहेने दाबला गेलेला असतो, ती सपाटी वणासारखी भासते. काही बाळांच्या किडनीची गर्भातली लाटांसारखी कड तशीच राहते, तीही फसवते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाची किडनी द्रव्य नीट उचलत नाही, चित्र अंधुक येतं. आणि एक मोठा प्रश्न: खाच इन्फेक्शनने पडली की किडनी जन्मतःच कमी घडलेली होती? कडेला पाचरीसारखी खाच असेल तर इन्फेक्शनकडे बोट जातं. किडनी एकसारखी लहान, कडा गुळगुळीत आणि वाटा कमी असेल, विशेषतः पाचव्या पायरीचा रिफ्लक्स असलेल्या मुलग्यात, तर बहुतेक वेळा ती गर्भातच तशी बनलेली असते. आई स्वतःला दोष देत बसलेली असते, तेव्हा हा फरक तिला सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.

वाट तिसरी: सोनोग्राफी नॉर्मल, मग दुसऱ्या तापावर नजर

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 मध्ये दोन ते चोवीस महिन्यांच्या बाळांसाठी हीच वाट धरली: पहिल्या तापाच्या इन्फेक्शननंतर सोनोग्राफी, ती बिघडलेली असेल किंवा तापासह दुसरं इन्फेक्शन झालं तर एमसीयू. नाइसची वाट थोडी वेगळी आहे. वयाचे गट पाडून ती विचारते की इन्फेक्शन साधं होतं की वेगळ्या धाटणीचं. वेगळ्या धाटणीचं म्हणजे बाळ फार आजारी, लघवीची धार क्षीण, पोटात गोळा, किडनीचं काम मंदावल्याचं सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, 48 तासांत औषधाला दाद नाही, किंवा जंतू ई. कोलाय हा नेहमीचा सोडून दुसराच. सहा महिने ते तीन वर्षांच्या अशा बाळात ती सोनोग्राफी आणि चार-सहा महिन्यांनी डीएमएसए सांगते, एमसीयू सरसकट नाही. सहा महिन्यांच्या आत मात्र असं इन्फेक्शन झालं तर तिन्ही.

या वाटेवर मला एकच भीती वाटते, आणि ती तपासणीची नाही, घरातल्या वागणुकीची आहे. ‘थांबा’ याचा अर्थ ‘विसरा’ असा घेतला जातो. पुढच्या तापाला चार दिवस पॅरासिटामॉल, मग दोन दिवस घरात पडलेलं अँटिबायोटिक, आणि लघवीचा नमुना कधीच नाही. एका अभ्यासात वण पडलेल्या मुलांना उपचार सुरू होण्याआधी असलेल्या तापाचा मध्यांक 72 तास होता, न पडलेल्यांत 48. म्हणजे फरक फक्त एका दिवसाचा. सर्दी-खोकल्यासारखं कारण दिसत नसलेला ताप आला की चोवीस तासांच्या आत स्वच्छ नमुना द्यायचा, आणि नमुना दिल्यावरच अँटिबायोटिक, ही अट ज्या घराला पाळता येते त्या घराला तिसरी वाट चालते. डॉक्टर लांब असेल, प्रवास चालू असेल, बाळ तीन वेगवेगळ्या लोकांकडे राहत असेल तर ते मला आधीच सांगा, माझा सल्ला बदलतो.

रिफ्लक्स सापडला तर नेमकं काय बदलतं?

हा प्रश्न पालकांनी प्रत्येक तपासणीआधी विचारायला हवा. सापडलेल्या रिफ्लक्सवर पहिला उपाय म्हणजे रोज रात्री कमी मात्रेत अँटिबायोटिक. त्याने काय होतं हे दोन मोठ्या चाचण्यांतून कळतं.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिव्हर चाचणीत रिफ्लक्स असलेली 607 मुलं होती, पायरी एक ते चार. दोन वर्षांत औषध घेणाऱ्या 302 पैकी 39 जणांना पुन्हा इन्फेक्शन झालं, प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, घेणाऱ्या 305 पैकी 72 जणांना. म्हणजे इन्फेक्शनं निम्म्यावर आली. पण किडनीवरच्या वणांत फरक पडला नाही: 11.9 टक्के आणि 10.2 टक्के. आणि औषध घेताना ज्यांना ई. कोलायचं इन्फेक्शन झालं, त्यांच्या जंतूंपैकी 63 टक्के त्या औषधाला जुमानत नव्हते, प्लासिबो गटात 19 टक्के.

2023 च्या प्रेडिक्ट चाचणीत एक ते पाच महिन्यांची बाळं घेतली, ज्यांना तिसऱ्या ते पाचव्या पायरीचा रिफ्लक्स होता, पण इन्फेक्शन कधी झालेलं नव्हतं. बहुतेक मुलगे. दोन वर्षांत औषध घेणाऱ्यांत 21.2 टक्क्यांना पहिलं इन्फेक्शन झालं, न घेणाऱ्यांत 35.6 टक्क्यांना. सात बाळांना दोन वर्षं औषध दिल्यावर एका बाळाचं इन्फेक्शन टळतं. वणांत इथेही फरक नाही.

हे आकडे ऐकून काहीजण म्हणतात, मग औषध बिनकामाचं. तसं नाही. दवाखान्यातली भरती आणि तापाच्या रात्री टळणं हाही फायदाच आहे. पण ‘किडनी वाचवायला’ म्हणून औषध द्यायचं असं वाटत असेल, तर तो दावा या चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. म्हणून सौम्य रिफ्लक्स आणि नॉर्मल सोनोग्राफी असलेल्या बाळाला मी औषध सुरू करायला आग्रह धरत नाही. तीव्र पायरी, वण असलेली किडनी किंवा दुसरं इन्फेक्शन झालेली मुलगी असेल तर धरतो. तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या मुलांवरच्या स्वीडनमधल्या चाचणीत नुसतं लक्ष ठेवलेल्या मुलींपैकी 57 टक्क्यांना पुन्हा तापाचं इन्फेक्शन झालं, औषध घेणाऱ्या मुलींत 19 टक्क्यांना. एवढी दरी दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

एक बाळ, तिन्ही वाटांवर

समजा एक मुलगी आहे, सात महिन्यांची, साडेसात किलोची. ताप 39.4, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आणलेली. नळीने घेतलेल्या लघवीत ई. कोलाय भरपूर, पांढऱ्या पेशीही. अँटिबायोटिक सुरू केल्यावर छत्तीस तासांत ताप गेला. तीन आठवड्यांनी सोनोग्राफी: उजवी किडनी 6.1 सेंटीमीटर, डावी 5.9, फूग नाही, मूत्रवाहिनी दिसत नाही.

पहिल्या वाटेने गेलो तर महिन्याभरात एमसीयू. समजा डावीकडे तिसऱ्या पायरीचा रिफ्लक्स निघाला. मग औषध द्यायचं की नाही हा वाद सुरू होतो, आणि किडनीला इजा झाली आहे का हे अजूनही कोणाला माहीत नसतं.

दुसऱ्या वाटेने ती साधारण बाराव्या महिन्यापर्यंत काहीच न करता थांबते, मग डीएमएसए. मधले पाच महिने तिसऱ्या वाटेसारखेच असतात, फक्त पालकांच्या डोक्यात तारीख असते.

तिच्या घरी तिसरी वाट निवडली. अकराव्या महिन्यात ताप आला, नाक कोरडं, घसा ठीक. आईने त्याच संध्याकाळी नमुना दिला आणि पुन्हा ई. कोलाय निघाला. औषध पहिल्या चोवीस तासांत सुरू झालं. आता चित्र बदललं, आणि आता एमसीयूच्या उत्तराला किंमत आली. केली तेव्हा डावीकडे तिसरी पायरी, उजवी बाजू मोकळी, मूत्राशय नीट. रात्रीचं औषध सुरू केलं. पाच महिन्यांनी, सोळाव्या महिन्यात डीएमएसए: डावी 43 टक्के, उजवी 57, डावीच्या वरच्या टोकाला पाचरीसारखी एक खाच.

इथे बाबा विचारतात, “सर, पहिल्याच वेळी एमसीयू केली असती तर हा वण टळला असता का?” खरं उत्तर आहे, बहुधा नाही. पहिल्या वेळी तीन दिवस ताप होता, दुसऱ्या वेळी एकही पूर्ण दिवस नाही. वण पहिल्या इन्फेक्शनचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, आणि त्या वेळी कुठलीही तपासणी झालेली नव्हती, होऊही शकत नव्हती. पण दोन स्कॅन नाहीत, एकच आहे, त्यामुळे खात्रीने मी ते सांगू शकत नाही. पहिल्यानंतर डीएमएसए झालं असतं तर हे कळलं असतं. दुसऱ्या वाटेचा खरा फायदा हाच, पुढच्या चित्राशी तुलना करायला हाताशी एक पहिलं चित्र राहतं.

पुढचा पाठपुरावा

वण आणि तिसऱ्या पायरीचा रिफ्लक्स असलेल्या या मुलीची सोनोग्राफी मी वर्षातून एकदा करीन, किडनी वयाप्रमाणे वाढते आहे का ते पाहायला. एका मापापेक्षा वाढीची रेघ जास्त बोलकी असते. वर्षभराने 5.9 ची 6.6 झाली तर निश्चिंत, 6.0 वरच अडकली तर डीएमएसए पुन्हा. रक्तदाब दर वर्षी, तिच्या मापाच्या पट्ट्याने. मोठ्या माणसाचा रुंद पट्टा लावला तर दाब खोटाच कमी येतो आणि सुरुवातीचा उच्च रक्तदाब निसटतो. लघवीत प्रथिनं जातात का तेही. हे दोन्ही पुढे कायम, रिफ्लक्स गेला तरी, कारण रिफ्लक्स जातो पण वण राहतो.

एमसीयू पुन्हा कधी? घाई नाही. वर्ष-दीड वर्षाने, आणि तेही उत्तरावर काही अवलंबून असेल तरच, म्हणजे औषध थांबवायचं ठरवताना. मुलींत त्यावेळी क्ष-किरणांऐवजी किरणोत्सारी द्रव्य मूत्राशयात घालून पाहायची पद्धतही चालते, किरणोत्सर्ग फारच कमी, मात्र बारीक रचना दिसत नाही. ही मुलगी चड्डीत न करता शौचालयात जाऊ लागली की बद्धकोष्ठ आणि लघवी दाबून धरण्याची सवय यांवर माझं लक्ष एमसीयूपेक्षा जास्त राहील. भरलेलं आतडं मूत्राशयाला नीट रिकामं होऊ देत नाही आणि औषध चालू असतानाही इन्फेक्शनं होत राहतात. औषध घेत असूनही तापाची इन्फेक्शनं थांबली नाहीत, किंवा नवी खाच दिसली, तरच दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी जेल टोचणं किंवा मूत्रवाहिनी नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया हा विषय काढायचा.

मी काय निवडतो

नॉर्मल सोनोग्राफी, पहिलं साधं इन्फेक्शन, लवकर दाद, नमुना देऊ शकणारं घर: तिसरी वाट. त्याच बाळाला ताप तीन-चार दिवस असूनही उपचार नव्हते, रक्तातलं सीआरपी हे सुजेचं माप खूप वाढलेलं होतं किंवा जंतू ई. कोलाय नव्हता, तर तिसरी वाट अधिक चार-सहा महिन्यांनी डीएमएसए. सोनोग्राफीत फूग, मूत्राशयामागे मूत्रवाहिनी, लहान किडनी, किंवा दुसरं तापाचं इन्फेक्शन: एमसीयू, आणि मागाहून डीएमएसए.

एका बाळात मात्र यातला कुठलाच विचार करत बसायचा नाही. मुलगा, लघवीची धार तुटक किंवा थेंबाथेंबाने, मूत्राशयाची भिंत जाड, दोन्ही बाजू फुगलेल्या. गर्भातल्या सोनोग्राफीतच दोन्ही किडन्या फुगलेल्या दिसल्या असतील तर संशय आणखी पक्का. त्याची एमसीयू याच आठवड्यात व्हायला हवी, कारण तिथे प्रश्न रिफ्लक्सचा नाही, खाली अडलेल्या दाराचा आहे. ‘रिफ्लक्स तर आपोआप जातो’ असं सांगून अशा मुलग्याला घरी पाठवलं असेल, तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना बाळ लघवी करतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत न्या. धार कशी आहे ते त्यात सगळ्यात आधी दिसतं.